त्याग कोणत्या रकान्यात भरायचा?

स्वयंसेवी संस्थेत पगार नसतो, मानधन असतं. धन कमी पडलं की मानाने भर घालायची, ही सोय त्या शब्दातच आहे. बालविवाह रोखण्याच्या प्रकल्पावरची कार्यकर्ती रविवारी फोन बंद ठेवते आणि सोमवारी कुणी विचारण्याआधीच माफी मागते. या अपराधीपणावर हल्ली मनःशांतीची कार्यशाळा भरते, तीही रविवारीच. खरं तर हे दुखणं मनाचं कमी आणि अंदाजपत्रकाचं जास्त आहे.

समजा, प्रकल्पात चाळीस गावं आहेत. संस्था दरमहा 18,000 रुपयांवर तिघी मागते, म्हणजे वर्षाचे 6,48,000. देणगीदार म्हणतो, पगारावर फार जातंय, दोघींत भागवा. गावं मात्र चाळीसच राहतात. अहवालात 2,16,000 रुपयांची काटकसर दिसते, पण तिसरीचं काम कुठे गेलं? ते दोघींनी संध्याकाळी आणि रविवारी केलं. म्हणजे प्रत्येकीने 1,08,000 रुपयांचं, स्वतःच्या निम्म्या पगाराएवढं दान दिलं. देणगीदारांच्या फलकावर तिचं नाव नाही, आणि एवढं देऊनही आपण कमी पडतो असं वाटणारी या व्यवहारात ती एकटीच.

काटकसरीला कायद्याचा आधारही दाखवतात. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको, असं संस्थेला ऐकवलं जातं. वास्तविक ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे; 2021च्या दुरुस्तीने प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला. पण कंपनीचा अंगरखा संस्थेच्या अंगावर चढवायची हौस काही फिटत नाही. परदेशी निधीवरची प्रशासकीय खर्चाची मर्यादा मात्र 2020 मध्ये खरोखरच 50 वरून 20 टक्क्यांवर आली, तेव्हा तिथे निदान बोट दाखवायला कायदा तरी आहे.

यावर म्हणतात, रुपया गरिबापर्यंत पोचला पाहिजे. मान्य. धान्य वाटायचं असतं तर पोती मोजली असती. पण पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवायला वाटायचं काय? तिच्या बापाशी चार वेळा बोलायला जाणारी बाई, हाच तिथे प्रकल्प. ती थकली की पाचवी भेट राहते, आणि राहिलेली भेट कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा: आम्ही चटईवर झोपून संस्था उभ्या केल्या. केल्या, आणि त्याबद्दल आदरच आहे. पण तो त्याग त्यांनी स्वतःच्या सहीने केला होता. आता तो नेमणूकपत्रात न लिहिता दुसऱ्याकडून वसूल होतो. वर, ज्याला परवडत नाही त्याने येऊ नये म्हणावं, तर खात्यापित्या घरचेच येतील आणि ज्या वस्तीसाठी संस्था काढली तिथली मुलगी दुकानात कामाला लागेल. ती लागतेच. मग जाहिरात निघते: ‘सामाजिक तळमळ आवश्यक. दुचाकी स्वतःची असावी.’ पेट्रोलचं काय, ते मुलाखतीत विचारणाऱ्याची तळमळ कमी समजतात.