महत्व विशद करा

गेल्या वर्षी 'व्यावहारिक मराठी'च्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे आला. दहा गुणांचा प्रश्न होता, 'मुद्रितशोधनाचे महत्त्व विशद करा.' एका मुलीने दोन पानं भरून लिहिलं होतं. सुरुवातच अशी : 'आजच्या युगात मुद्रितशोधनाला अत्यंत महत्व आहे.' पुढे आणखी सहा वेळा 'महत्व' आलं आणि सहाही वेळा एक 'त' घरीच राहिला.

मी तिला सात गुण दिले.

द्यावेच लागले. आदर्श उत्तरात व्याख्येला दोन गुण होते, महत्त्वाच्या चार मुद्द्यांना चार आणि प्रकारांना चार. तिने दोन प्रकार सोडले आणि मुद्दा एक गाळला, म्हणून तीन कापले. मुद्रितशोधन येतं की नाही, याला आदर्श उत्तरात एकही गुण नव्हता. त्यामुळे मुद्रितशोधन न येणारी मुलगी मुद्रितशोधनात प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली, आणि नियमानुसार झाली.

चूक तिची म्हणावी तर तिने विचारलं तेच लिहिलं. पेपर काढणाऱ्याची म्हणावी तर त्याने अभ्यासक्रमात होतं तेच विचारलं. म्हणून अभ्यासक्रम उघडला. तिथे 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली अकरा ओळी होत्या. भाषेविषयी आस्था निर्माण करणे. भाषिक कौशल्यांचा विकास करणे. मुद्रितशोधनाची संकल्पना समजून घेणे. व्यावसायिक संधींची जाणीव करून देणे.

या ओळींचं व्याकरण बघा. सगळी क्रियापदं 'णे'कारान्त, आणि कर्ता फरार. निर्माण कोण करणार? प्राध्यापक, विद्यापीठ की ग्रहमान? जाणीव करून दिली, पण समोरच्याला झाली का, हे कुठे बघायचं? मुख्य म्हणजे ज्याने फी भरली तो विद्यार्थी अकरा ओळींत कुठेच काही करत नाही. तो फक्त बसलाय आणि त्याच्यात गोष्टी निर्माण होतायत.

आपली भाषा खरं तर या बाबतीत फार रोखठोक आहे. माणसाची लायकी विचारायला तिच्याकडे एक साधं क्रियापद आहे : येणे. पोहता येतं का? भाकरी थापता येते का? छापखान्याचा मालक दारात उभ्या पोराला विचारतो, 'प्रुफं तपासता येतात का?' 'प्रुफांविषयी तुझ्या मनात आस्था कितपत निर्माण झाली आहे?' असं विचारणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक ओळीला एवढंच विचारायचं असतं, की यानंतर पोराला काय करता येईल, आणि ते मला दिसेल कसं?

हे काही आजचं शहाणपण नाही. रॉबर्ट मेगर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६२ साली यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की उद्दिष्टाच्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात : शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत दाखवेल आणि कितपत जमलं म्हणजे जमलं म्हणायचं. त्याच १९६२ साली महाराष्ट्र शासनाने शुद्धलेखनाचे चौदा नियम मान्य केले. पुढे १९७२ साली आणखी चार आले आणि अठरा झाले. म्हणजे काय तपासायचं ते आणि कसं तपासायचं ते, दोन्ही साठ वर्षं आपल्यापुढे पडून आहे. आपण मात्र अजून महत्त्व विशद करतोय.

मेगर यांची आणखी एक घरगुती कसोटी आहे. उद्दिष्टाच्या आधी 'बाबा, इकडे या, मी तुम्हाला करून दाखवते' असं लावून बघायचं. 'बाबा, इकडे या, मी तुम्हाला या लग्नपत्रिकेतल्या चुका काढून दाखवते.' ठीक आहे, बाबा येतील. 'बाबा, इकडे या, मी तुम्हाला संकल्पना समजून घेऊन दाखवते.' बाबा येतील, पण थर्मामीटर घेऊन.

तर आम्ही तिघं-चौघं अभ्यासक्रम पुन्हा लिहायला बसलो. पहिली दुरुस्ती एका सहकाऱ्याने पाच मिनिटांत करून टाकली. त्याच्याकडे क्रियापदांची यादी होती. बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणावरून अशा याद्या निघाल्या आणि आता प्रत्येक स्टाफरूममध्ये त्यांची झेरॉक्स सापडते. त्याने 'समजून घेणे' खोडलं आणि यादीतून उचलून 'स्पष्ट करील' लिहिलं. 'विद्यार्थी मुद्रितशोधनाची संकल्पना स्पष्ट करील.' कर्ता आला, क्रियापद दिसणारं आलं, तपासणी समिती खूश होणार.

पण आमची 'महत्व'वाली मुलगी या नव्या ओळीतही उत्तीर्णच. संकल्पना तिने स्पष्ट केलीच होती की, दोन पानं! क्रियापद दिसणारं असून भागत नाही, ते त्या कामाचं असावं लागतं. मुद्रितशोधकाचं काम मुद्रित तपासणं, मुद्रितशोधनावर बोलणं नव्हे. स्वयंपाकाच्या परीक्षेत भाकरीची व्याख्या लिहून पोट भरत नाही.

मग ओळ पुन्हा लिहिली : 'तुम्हाला मजकुरातल्या चुका शोधून दुरुस्त करता येतील.' बरी झाली, पण कसला मजकूर आणि किती चुका? तेव्हा अटी घातल्या. न वाचलेला तीनशे शब्दांचा मजकूर, वेळ तीस मिनिटं, शब्दकोश आणि नियमावली जवळ ठेवायला मुभा. ही मुभा पुष्कळांना खटकली. पण छापखान्यात कोश उघडला म्हणून कुणी कॉपीची केस करत नाही. तिथे न उघडणाऱ्याला बोलणी बसतात.

आता मजकुरात आम्ही वीस चुका पेरल्या. 'विहीरीत' आणि 'निवडणूकीत' घातले, कारण मूळ शब्दातला उपान्त्य दीर्घ ई-ऊ प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो आणि इथेच भलेभले घसरतात. 'महत्व' तर हवंच होतं. शेजारी शेजारी दोनदा आलेला एक शब्द, आणि एकाच माणसाचं वर एक व खाली दुसरं आडनाव. शेवटच्या दोन मुद्दाम घातल्या, कारण त्या चुका नियम पाठ असून सापडत नाहीत. त्यांना वाचावं लागतं.

वीसपैकी सोळा सापडल्या की जमलं, असं ठरलं आणि आम्ही आधी स्वतःवरच प्रयोग केला. एका सहकाऱ्याने वीसच्या वीस काढल्या. टाळ्या वाजवणार, एवढ्यात लक्षात आलं, की त्याने आणखी एकतीस शब्दांवर लाल खुणा केल्यात आणि ते एकतीस बरोबर होते. दिसेल त्याला लाल केलं की चुका सापडणारच. त्यामुळे निकषाला दुसरी बाजू द्यावी लागली : बरोबर शब्दांवर दोनपेक्षा जास्त खुणा नकोत. मुद्रितशोधकाला चूक ओळखावी लागते, तसं बरोबर आहे ते बरोबर म्हणून सोडताही यावं लागतं.

सोळाचा आकडाही आकाशातून पडलेला चालत नाही. तोच मजकूर आम्ही प्रुफं तपासून पोट भरणाऱ्या दोघांना दिला आणि नुकताच प्रवेश घेतलेल्या काही मुलांना दिला. जाणते सोळाच्या वर जात होते, नवखे खालीच राहत होते. दोघांना सारखेच गुण मिळाले असते, तर आमची चाचणी काहीच मोजत नाही असं समजून ती फेकून द्यावी लागली असती.

अखेर अभ्यासक्रमात ओळ आली ती अशी : 'न वाचलेल्या तीनशे शब्दांच्या मजकुरातल्या वीसपैकी किमान सोळा चुका, कोश जवळ ठेवून, तीस मिनिटांत तुम्हाला मुद्रितशोधनाच्या खुणांनी दुरुस्त करता येतील, बरोबर मजकुरावर दोनपेक्षा जास्त खुणा होणार नाहीत.' खाली टीप : नमुना मजकूर पहिल्या तासाला मिळेल. पोराला अवघड वाटेल, पण आपण कुठे पोचायचंय हे जूनमध्येच दिसेल. इतके दिवस ते मार्चमध्ये, प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर दिसायचं.

एक ओळ अशी लिहिल्यावर बाकीच्या दहा घाबरल्या. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास. चुका ओळखण्याचा सराव करून घ्यायचा, तपासून परत द्यायचा, पुन्हा करून घ्यायचा, तर त्यातले आठ तास एकट्या या ओळीला लागतात. या हिशेबाने तीस तासांत तीन ओळी मावतात, अकरा नाहीत. 'निर्माण करणे' हे क्रियापद इतकं लाडकं का, ते तेव्हा कळलं. त्याला तास लागत नाहीत. आस्था अकरा प्रकारची निर्माण करा, वेळापत्रक हूं की चूं करत नाही.

मग 'मुद्रणकलेचा इतिहास' गेला, 'महत्त्व' गेलं, आणि दहा गुणांच्या प्रश्नाच्या जागी चुकांचा मजकूर आला. हा शेवटचा बदल नसता, तर आधीचं सगळं पाण्यात होतं. वर 'करता येईल' आणि खाली प्रश्नपत्रिकेत 'विशद करा' असेल, तर पोरं वरचं वाचत नाहीत. ती खालचं वाचतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

कवितेच्या तासाला हे चालवू नका, एवढी विनंती. वीसपैकी सोळा ओळींत गहिवर, असा निकष आम्हाला नको. एलियट आयस्नर या कलाशिक्षणातल्या विचारवंतांनी १९६० च्या दशकातच सांगितलं होतं, की काही ठिकाणी फळ आधी ठरवता येत नाही. तिथे अनुभव लिहावा : 'तुम्ही दहा कविता मोठ्याने वाचाल आणि त्यांतल्या एकीवर वर्गाशी भांडाल.' पुढे काय उगवेल ते उगवेल. पण मुद्रितशोधनाला कवितेची सवलत लावून धुकं पसरायचं, हा शुद्ध आळस.

बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी खासगीत म्हणाले, 'अहो, हे धोक्याचं आहे. उद्या पोरांनी विचारलं, की सर, लिहिलंय ते आम्हाला येत नाही, तर?' एवढ्या चर्चेतला नेमका मुद्दा त्यांनीच काढला. 'आस्था निर्माण करणे' असं लिहिलं की नापास कोणीच होत नाही, आणि सगळ्यांत आधी शिकवणारा होत नाही.

जूनमध्ये नवा कागद वर्गात वाटला. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून एका मुलीचा हात वर आला.

'सर, वरून तिसऱ्या ओळीत "आणी" छापलंय. ऱ्हस्व हवं ना?'

त्या कागदाचं अंतिम प्रूफ मीच तपासलं होतं. खाली माझी सहीही होती. मी कबूल केलं.

'मग एक सापडली,' ती म्हणाली. 'बाकी एकोणीस कुठायत?'