छातीतला कार्पेट एरिया

शाळेतल्या बाई, योगवर्गाचे गुरुजी आणि मोबाइलवरचे आरोग्यसंदेश यांचं एका बाबतीत एकमत असतं: माणसाची फुप्फुसं उलगडून पसरली तर टेनिसचं मैदान झाकून टाकतील. इतकं एकमत दिसलं की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो.

टेनिसचं दुहेरीचं मैदान 23.77 मीटर लांब आणि 10.97 मीटर रुंद, म्हणजे 260 चौरस मीटरच्या वर. एकेरीचं साधारण 196. फुप्फुसांत सरासरी 48 कोटी वायुकोश असतात आणि एकेकाचा व्यास सुमारे 0.2 मिलिमीटर. तो अगदी गोल धरला तर प्रत्येकाचं पृष्ठफळ साधारण 0.126 चौरस मिलिमीटर भरतं. गुणाकार केला की हाती येतात फक्त 60 चौरस मीटर, म्हणजे टूबीएचके!

पण वायुकोश काही गुळगुळीत गोळे नव्हेत. प्रत्यक्ष मोजणारे फुप्फुसाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, त्यावर सरळ रेषा टाकतात आणि त्या रेषा वायुकोशांचं पृष्ठ किती ठिकाणी छेदतात ते मोजतात. समजा, मिलिमीटरभर रेषेत असे दहा छेद मिळाले. त्याची दुप्पट, वीस, म्हणजे दर घन मिलिमीटरमागे वीस चौरस मिलिमीटर पृष्ठ. चार लिटरच्या फुप्फुसाला ते 80 चौरस मीटर होतं. 1978 मध्ये गेर, बाखोफेन आणि वाइबेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावला, बारीक सुरकुत्याही हिशेबात आल्या आणि आकडा 143 वर गेला. जागा तीच, पण मोजणी बदलली की क्षेत्रफळ वाढतं, हे बिल्डरांना आपल्याआधीच उमगलं होतं. तेव्हा मैदान म्हणायचंच तर जाळीच्या एका बाजूचं म्हणावं. पलीकडचा खेळाडू उघड्यावरच.

एवढा पसारा लागतो, कारण ऑक्सिजनला कोणी ढकलत नाही. तो आपणहून झिरपतो. पृष्ठ जितकं मोठं आणि पडदा जितका पातळ, तितकं झिरपणं जास्त. एका वेळी जेमतेम अर्धा कप रक्त या सगळ्या विस्तारावर पातळ पसरलेलं असतं. स्वस्थ बसलेलं असताना तांबडी पेशी तिथून पाऊण सेकंदात निघून जाते, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून होतो. उरलेला वेळ जिना चढताना कामी येतो.

एम्फिसीमात, जो बहुतेकदा विडी-सिगारेटची देणगी असतो, वायुकोशांमधल्या भिंती फुटतात. आठ लहान वायुकोशांचा एक मोठा झाला तर त्यात हवा पूर्वीइतकीच मावते, पण पृष्ठफळ निम्मं होतं. म्हणून अशा रुग्णाची छाती पिंपासारखी फुगलेली दिसली तरी त्याला पहिल्या मजल्यावरच धाप लागते. डॉक्टर त्याला किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढायला लावून श्वास दहा सेकंद रोखायला सांगतात आणि त्यातला किती वायू रक्तात शिरला ते पाहतात. तो कमी भरला, तर मैदानाचा बराच भाग गेलेला असतो, क्ष-किरणात छाती कितीही ऐसपैस दिसो.