हरिपूरच्या पेवात रखडलेली लढाई

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचं ठरलं तेव्हा डन्जन मास्टर व्हायला कोणी तयार होईना, म्हणून ते पद माझ्या गळ्यात पडलं. कथा सांगायची, निवाडे द्यायचे आणि समस्त राक्षसांच्या वतीनं फासे टाकायचे. मी साताऱ्यात, बाकीचे तिघे सांगली, लंडन आणि कॅलिफोर्नियात. रविवारी रात्री साडेनऊला माझं ताट उचललं जातं तेव्हा लंडनला संध्याकाळचे पाच आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. झकास!

मग 2024 च्या ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. विलायतेतली घड्याळं तासभर मागे गेली आणि लंडनकर त्याच्या पाचला, म्हणजे आपल्या साडेदहाला उगवला. त्याला मी शिस्तीवर व्याख्यान दिलं. पुढच्या रविवारी अमेरिकेचीही घड्याळं मागे गेली, दोघेही साडेदहाला आले, आणि तासभर मी नि सांगलीकर एकमेकांचे जांभया देणारे चेहरे बघत बसलो. व्याख्यान परत घ्यावं लागलं. तेव्हापासून डिस्कॉर्डवर वेळ अशी टाकतो, म्हणजे ज्याला-त्याला आपापल्या गावची वेळ दिसते:

```
<t:1731254400:F>
```

हे निस्तरलं, तर दोन रविवारांच्या मधे निरोपांवर खेळ चालू ठेवायची हौस मला सुचली. भुयार म्हणून मी हरिपूरचं हळदीचं पेव घेतलं: वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोटात ऐसपैस जागा. आत चार गॉब्लिन बसवले आणि नियमाप्रमाणं `1d20` टाकून कोणामागून कोण, हा क्रम लावला. पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा, तो झोपलेला. तो उठून तलवार चालवतो तोवर लंडनकर ऑफिसात, तो सुटतो तोवर सांगलीकर घोरतोय, आणि माझ्या गॉब्लिनचा नंबर येतो तेव्हा मी मंडईत, एका हातात मेथीची जुडी. कथेतल्या सहा सेकंदांची एक फेरी आठवडा संपला तरी संपेना. आमच्या सौ. रोज विचारायच्या, "मेला का तो?"

शेवटी क्रमच मोडीत काढला. आता आधी तिघांनी, जमेल त्या क्रमानं, चोवीस तासांत आपली चाल लिहायची, सोबत 'तो आधीच पडला तर शेजारच्याला हाणतो' अशी पुस्ती जोडायची. मग सगळ्या राक्षसांचे फासे मी एकदम टाकणार. जो लिहिणार नाही, तो ढाल धरून उभा. मोठी लढाई रविवारसाठी राखून ठेवायची, मधल्या दिवसांत किरकोळ चकमकी, बाजारहाट, प्रवास आणि पात्रांची भांडणं. गाडी भलतीच पळू लागली. मी खुशीत पेवातली लढाई पुन्हा पहिल्यापासून मांडली आणि लिहिलं, 'पेवाचं झाकण उघडून तुम्ही धाडधाड आत उतरता.'

सांगलीकराचं उत्तर मिनिटभरात आलं, बाकी वेळी दोन दिवस लागतात. "लेका, बंद पेवात असं कोणी उतरत नाही. आत हवा कोंदलेली असते, गुदमरून माणसं जातात. आधी तोंड उघडं टाकून वाट बघायची."

मी म्हटलं, बरं, बघा वाट.

"ते बघतो रे. पण तुझे गॉब्लिन एवढे दिवस आत जिवंत कसे?"