झोपेचं भाडं

लंडनची नोकरी सोडून पुण्याला परतलो तेव्हा एका ऑनलाइन बेटिंग खात्यात माझे 40 पौंड राहून गेले. मी विसरलो, कंपनी नाही. बारा महिने पैज लावली नाही म्हणून तिने खातं निष्क्रिय ठरवलं आणि महिन्याला 5 पौंड कापू लागली. झोपलेल्या पैशाला खाटेचं भाडं! तीन महिन्यांनी ईमेलच्या अडगळीत तिची नोटीस सापडली, तोवर 25 उरले होते. एक पैज लावा, शुल्क थांबेल, असा प्रेमळ सल्लाही होता. हरलो असतो तर निदान मॅच तरी बघितली असती.

मी सरळ पैसे काढायला गेलो. जुनं कार्ड बंद, म्हणून पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट मागितलं. सगळं दिलं, वर कापलेल्या 15 पौंडांची लेखी तक्रारही ठोकली. ब्रिटनमध्ये आठ आठवड्यांत तक्रार मिटली नाही, तर स्वतंत्र तंटानिवारण संस्थेकडे फुकट जाता येतं. सातव्या आठवड्यात 'सदिच्छा म्हणून' चाळीसच्या चाळीस आले. सोबत नव्या बोनसचं आमंत्रण. मी खातं बंद करायला सांगितलं, तर विचारतात, 'कारण?'