मार्चचा कर पुढच्या वर्षाच्या रकान्यात

अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यात कुणी राइस मिलसाठी नवं मशीन घेत असेल, तर प्रोजेक्ट रिपोर्टातला कराचा रकाना आधी तपासा. यंदाच्या नफ्यावरचा कर पुढच्या वर्षात टाकलेला असेल, तर तो रिपोर्ट परत पाठवा.

हिशेब करूनच बघू. समजा, तांदळातले काळे दाणे वेगळे काढणारं सॉर्टेक्स मशीन साडेसतरा लाखांना पडतं. त्यामुळे पाच वर्षं दरवर्षी सहा लाख जास्त मिळतात, नंतर त्याला मोल नाही. करदर ३० टक्के, घसारा घटत्या किमतीवर १५ टक्के, आणि पुढचे पैसे आजच्या मोलात आणायचा दर १२ टक्के. कर त्याच वर्षी भरला असं धरलं, तर पाच वर्षांच्या मिळकतीचं आजचं मोल गुंतवणुकीपेक्षा सुमारे १८ हजारांनी कमी भरतं. म्हणजे मशीन घेऊ नये. आता कर फक्त एक वर्ष पुढे ढकला. कराचा आजचा बोजा जवळपास सत्तर हजारांनी हलका होतो. घसाऱ्यामुळे वाचणारा करही वर्षभर उशिरा हाती येतो, त्यात तेवीस हजार जातात. तरी उत्तर उलटतं आणि २८ हजारांचा फायदा दिसू लागतो. मशीन तेच, धान तेच, बदलला तो फक्त रकाना.

ही सवय परदेशी परीक्षांच्या गणितांतही दिसते, तिथे अनेकदा कर वर्षभराने भरायचा असं धरतात. आपल्याकडच्या ‘आकारणी वर्ष’ या शब्दाने गैरसमजाला बळ दिलं. आकारणी पुढच्या वर्षी होत असली, तरी पैसे आधीच जातात. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर आगाऊ कर भरावाच लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा.

‘नाहीच भरला तर?’ असं कुणी विचारेल. नव्वद टक्क्यांहून कमी भरला, तर एप्रिलपासून थकबाकीवर महिन्याला एक टक्का व्याज लागतं. हप्ते चुकल्याचं व्याज वेगळं. महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा टक्के, आपण हिशेबात धरला तोच दर! त्यातही बँकेचं व्याज खर्चात दाखवता येतं, आयकरावरचं व्याज दाखवता येत नाही. म्हणजे सरकारचं हे उसनं बँकेच्या बारा टक्क्यांच्या कर्जापेक्षाही महाग पडतं. रिपोर्टात कर उशिरा दाखवायचाच असेल, तर हे व्याजही त्याच ओळीत दाखवा. दिसणारा फायदा तिथेच संपतो.

कर पुढच्या वर्षी भरायची खरी सवलत मिळते ती ज्यांचा कर दहा हजारांच्या आत आहे त्यांना, आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना. साडेसतरा लाखांचं मशीन घेणारी मिल या दोन्हींत बसत नाही.