मस्टर नको, वही बघा

देगलूरच्या गटशिक्षणाधिकारी साहेब, गुरुजी शाळेत नसतात ही तक्रार तुमच्या टेबलावर दर आठवड्याला येत असणार. कधी सरपंचाचा फोन येतो, कधी शाळा व्यवस्थापन समितीचा अर्ज, कधी कुणी कुलूप लावलेल्या दाराचा फोटो मोबाइलवर पाठवतो. मग नोटीस निघते, खुलासा येतो आणि फाइल बंद होते. या आठवड्याचं सदर म्हणजे तुमच्यासाठी लिहिलेलं टिपण समजा. तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही, याची जाणीव ठेवूनच लिहितो आहे.

सुरुवात आकड्यापासून करतो, कारण या विषयात आरोप भरपूर आणि मोजमाप कमी. 2003 मध्ये संशोधकांनी देशातल्या हजारो सरकारी शाळांना न सांगता भेटी दिल्या. तेव्हा चारातला एक शिक्षक शाळेत सापडला नाही. झारखंडात हे प्रमाण 42 टक्के निघालं. महाराष्ट्र 14.6 टक्क्यांसह सगळ्यांत बरा ठरला आणि आपण पाठ थोपटून घेतली. त्याच पाहणीचा दुसरा आकडा मात्र कुणी फारसा उच्चारला नाही: भेटीच्या वेळी प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते देशभरातले जेमतेम निम्मे शिक्षक.

पुढे 2017 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांत पाहणी केली. तिथे साडेअठरा टक्के शिक्षक शाळेबाहेर होते, पण विनापरवानगी गैरहजर फक्त अडीच टक्के. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारी कामाला गेलेले. शिक्षक संघटना हा आकडा पुढे करतात, गावकरी पहिला आकडा धरून बसतात. माझ्या मते दोन्ही बाजू अर्धंच बोलतात. गुरुजी का आले नाहीत हे शेवटी शाळेकडूनच कळतं, म्हणून अडीच टक्क्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आणि उरलेले सोळा टक्के ‘कायदेशीर’ असले म्हणून त्या दिवशी वर्गातल्या पोराला कुणी शिकवलं असा त्याचा अर्थ होत नाही.

तालुक्यातली एक द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते चौथी, पट साठच्या आत, म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणे दोन शिक्षक. वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरायला हवी. समजा दोघेही अगदी नेकीचे आहेत. प्रत्येकाने हक्काच्या 12 किरकोळ रजा घेतल्या, पाच दिवस प्रशिक्षणाला गेले, सहा दिवस निवडणूक, मतदारयादी आणि पंचायत समितीतल्या बैठकांत गेले. एकूण 23 दिवस. टक्केवारीत साडेअकरा, म्हणजे 2003 च्या त्या ‘बऱ्या’ महाराष्ट्रापेक्षाही कमी. पण दोघांचे दिवस वेगवेगळे आले तर वर्षातले 46 दिवस शाळेत एकच शिक्षक. त्यात एकाला डेंग्यू झाला की साठ दिवस. शिवाय महिन्याच्या शिक्षण परिषदेला दोघेही एकदम केंद्रावर जातात, त्या दिवशी दुपारून शाळा सुटते.

एकटा शिक्षक चार वर्गांना काय शिकवणार? पोरं एका खोलीत बसवतो, फळ्यावर पाढे लिहून देतो, खिचडी शिजली का बघतो आणि मध्येच ऑनलाइन माहिती भरतो. कुणीही दांडी मारलेली नाही, मस्टर स्वच्छ आहे, आणि वर्षाचा पाव हिस्सा असाच गेला.

देगलूरला हा हिशेब आणखी जड पडतो, कारण इथे निवडणुका जास्त झाल्या. एप्रिल 2019 ते नोव्हेंबर 2024 या काळात या मतदारसंघाने लोकसभेसाठी तीनदा आणि विधानसभेसाठी तीनदा मतदान केलं. 30 ऑक्टोबर 2021 ला विधानसभेची पोटनिवडणूक झाली, आणि 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेबरोबर नांदेड लोकसभेचीही. मतदानाचा दिवस एकच दिसतो, पण त्याआधी पहिलं प्रशिक्षण असतं, दुसरं प्रशिक्षण असतं, आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम असतो, आणि यंत्रं जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटते. कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका ही कामं शिक्षकांवर ठेवलेलीच आहेत. ती तुम्ही थांबवू शकत नाही. पण एका शाळेतले दोन्ही शिक्षक एकाच तारखेच्या प्रशिक्षणाला जाऊ नयेत, एवढी यादी तहसील कार्यालयाला आगाऊ देणं तुमच्या हातात आहे. 2027 ची जनगणना समोर आहे. ही यादी आत्ताच करा.

आता खऱ्या दांडीकडे येतो. ती आहे, आणि तिला संघटनेच्या भीतीने झाकण्याचं कारण नाही. नांदेडहून देगलूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तिथून हाणेगावकडे किंवा सीमेवरच्या एखाद्या वाडीला जायचं तर आणखी तासभर. नांदेड, उदगीर, मुखेडहून अपडाऊन करणारे गुरुजी बसवर किंवा भागीदारीतल्या जीपवर अवलंबून असतात. जीप चुकली की परिपाठ चुकतो, आणि परतीची गाडी साडेचारला असली की शेवटची तासिका बुडते. यावर एक जुनी युक्ती शिक्षण खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे: तारीख न टाकलेला किरकोळ रजेचा अर्ज सहकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. साहेब आले तर तारीख पडते, नाही आले तर दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही होते.

ही चोरी मस्टर बघून सापडत नाही. ती मुलांच्या वहीत सापडते. भेटीला गेलात की तिसरीतल्या चार मुलांच्या गणिताच्या वह्या मागवा आणि मागच्या महिन्याच्या तारखा वाचा. शिक्षक 22 दिवस हजर आहेत आणि वहीत 11 तारखा आहेत, तर उरलेल्या दिवसांचं काय झालं ते विचारा. मग हालचाल नोंदवही काढा. केंद्रावर बैठक आहे म्हणून बाहेर गेल्याच्या जितक्या नोंदी आहेत, त्या तारखांना बैठका खरोखर होत्या का, हे केंद्रप्रमुखाच्या डायरीशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून दांडीबाज आणि कामाला जुंपलेला शिक्षक वेगळे निघतात, आणि दोघांना एकच नोटीस देण्याचं पाप टळतं.

उपाय म्हणून लोक तुम्हाला तीन गोष्टी सांगतील.

पहिली मुख्यालयाची सक्ती. गुरुजी गावात राहत नाहीत तर घरभाडे भत्ता बंद करा, ही मागणी 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत लावून धरली आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. नियम होताच: ग्रामविकास विभागाच्या 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो. तो ठराव कसा मिळतो हे गावाला विचारा. जिथे भाड्याने दोन खोल्या मिळत नाहीत, तिथे हा कागद सरपंच आणि शिक्षक दोघांनाही खोटं बोलायला शिकवतो. गुरुजी झोपतात कुठे याच्याशी पोराला देणंघेणं नाही. परिपाठाला उभे आहेत का, एवढंच बघा.

दुसरी गोष्ट फोटो आणि ॲपवरची हजेरी. याबद्दल उदयपूर जिल्ह्याचा अनुभव जपून वाचायला हवा. तिथे सेवा मंदिर या संस्थेने आपल्या एकशिक्षकी शाळांत कॅमेरे दिले. रोज सकाळी आणि सुटताना मुलांसोबत फोटो काढायचा, आणि पगार त्या दिवसांवर. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली. हे ऐकून सगळे कॅमेरा मागतात. पण त्याच जिल्ह्यात सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सबाईंवर तसाच प्रयोग झाला. पहिले काही महिने हजेरी सुधारली, मग वरिष्ठांनी ‘माफीचे दिवस’ द्यायला सुरुवात केली, आणि सोळा महिन्यांत सगळं मूळपदावर आलं. कल्पना तीच, फरक पगार कापणाऱ्याचा होता. संस्थेला तो अधिकार होता, आणि सरकारी साहेबांना तो वापरायचा नव्हता. तुमचं ॲप हजेरी मोजेल, पण पगाराशी जोडल्याशिवाय ते फक्त माहिती भरण्याचं आणखी एक काम होईल. 2003 च्या त्या पाहणीत सुमारे तीन हजार सरकारी मुख्याध्यापकांपैकी वारंवार गैरहजेरीबद्दल शिक्षक बडतर्फ झाल्याचं सांगणारा एकच निघाला होता, हेही विसरू नका.

तिसरी गोष्ट तपासणी, आणि माझं मत तिच्या बाजूने आहे. त्याच पाहणीत अलीकडे तपासणी झालेल्या शाळांत गैरहजेरी कमी दिसली. 2010 च्या फेरपाहणीवरून कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: मुलाला शिक्षकाचा सहवास वाढवून द्यायचा तर नवे शिक्षक नेमण्यापेक्षा तपासणी वाढवणं दहापट स्वस्त पडतं. महाराष्ट्राने त्यासाठीच 1990 च्या दशकात केंद्रप्रमुखाचं पद आणलं. आज तो केंद्रप्रमुख कुठे असतो? बहुतेक वेळ तक्ते जुळवत आणि व्हॉट्सॲपवर ‘तात्काळ’ माहिती मागवत. जिथे पद रिकामं आहे तिथे एखाद्या मुख्याध्यापकाकडे प्रभार, म्हणजे आणखी एका शाळेचा एक शिक्षक कमी.

तेव्हा साहेब, नवी योजना आणू नका. केंद्रप्रमुखांना सोमवारी आणि शनिवारी कार्यालयात बोलावणं बंद करा, कारण दांडी या दोन दिवशी जास्त पडते असं गावोगाव सांगतात. त्या दिवशी त्यांनी न कळवता दोन शाळा बघाव्यात, मस्टरऐवजी वह्या वाचाव्यात, आणि वर्गात शिक्षक नव्हता तर कारण एका ओळीत लिहावं: रजा, प्रशिक्षण, सरकारी काम की बेपत्ता. तीन महिन्यांची ही यादी हातात आली की निम्मी गैरहजेरी तुमच्याच कार्यालयाने घडवली का, हे तुम्हाला स्वतःला दिसेल. तसं निघालं तर शिक्षण परिषद शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर घ्या. पंचायत समितीत कारकुनी करणारे शिक्षक असतील तर त्यांची प्रतिनियुक्ती त्याच दिवशी मोडा. आणि जो बेपत्ता निघाला, त्याचे ते दिवस विनावेतन करून प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे पाठवा. आमदारांचा फोन येईल, तरीही पाठवा.

या तालुक्यात कित्येक घरांत पोरं तेलुगू बोलतात, कन्नड बोलतात, उर्दू बोलतात. त्यांना मराठी वाचायला शिकवणारं शाळेबाहेर कुणी नाही. पहिलीत झालेला पाव वर्षाचा तोटा शिकवणी लावून भरून काढायची ऐपत त्या घरांत नसते. म्हणून विनंती आहे: येत्या सोमवारी गाडीचा चालक सोडून कुणालाही न सांगता एका शाळेत जा, आणि पहिल्यांदा वही मागा.