तिथी कळवली आहे, तारीख ज्याची त्याने बघावी

आमच्या वाडीच्या मंडळाचं गणपतीचं पत्र मुंबईला आलं. श्रींच्या कृपेपासून वर्गणीच्या थकबाकीपर्यंत पत्रात सगळं आहे, फक्त तारीख नाही. 'भाद्रपद शुद्ध चतुर्थीस प्रतिष्ठापना. मुंबईकरांनी हरतालिकेच्या आदल्या दिवशी पोचावे. गौरीविसर्जन झाल्याशिवाय परतू नये.' इथे आम्हाला रजेचा अर्ज पाठवायचा आहे. अर्जात दिवस, महिना आणि वर्ष असे तीन चौकोन आहेत. शुद्ध-वद्यासाठी चौकोन ठेवण्याइतकी आमची कंपनी अजून सुसंस्कृत झालेली नाही.

सरचिटणीस अप्पांना फोन केला. "अप्पा, तारीख कळवा की." अप्पा म्हणाले, "अरे, चतुर्थी म्हणजे चतुर्थी! भिंतीवर कॅलेंडर नाही का तुझ्या?" अप्पांची पेन्शन एक तारखेला जमा होते. ती पाडव्याला जमा झाली असती तर चाललं असतं का, हे वडीलधाऱ्या माणसाला विचारता येत नाही.

कॅलेंडर आहेच. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. 2026 साली भाद्रपद शुद्ध चतुर्थी लागते सोमवारी, 14 सप्टेंबरला, सकाळी सात वाजून गेल्यावर, आणि संपते मंगळवारी पावणेआठच्या सुमारास. सूर्य मात्र साडेसहाच्या आतच उगवतो. पंचांगात दिवसाला तिथी लागते ती सूर्योदयाची. म्हणजे सोमवारच्या नावावर तृतीया आणि मंगळवारच्या नावावर चतुर्थी. बारीक अक्षरातली तिथी वाचणारा मुंबईकर मंगळवारवर बोट ठेवणार आणि भटजींना मंगळवार सांगून मोकळा होणार.

पण गणपतीला सूर्योदयाशी कर्तव्य नाही. त्याला चतुर्थी हवी मध्यान्ही. मंगळवारी दुपारी पंचमी झालेली असते, म्हणून गणपती सोमवारीच. हरतालिका तृतीयेची, तीही सोमवारीच. मायलेक एकाच दिवशी.

आता पत्राबरहुकूम पोचायचं कधी ते पाहू. ज्याने चतुर्थी चुकून मंगळवारी धरली, त्याने हरतालिका सोमवारी धरली आणि तो रविवारी बरोबर पोचला. ज्याला गणपती सोमवारी हे नक्की ठाऊक होतं, त्याने हरतालिका एक दिवस आधी, म्हणजे रविवारी, असं परंपरेने गृहीत धरलं आणि तो शनिवारीच गावात दाखल! चुकणारा वेळेवर आणि जाणकार एक दिवस लवकर. शिवाय अप्पा त्याला विचारणार, "एवढ्या लवकर का रे? पत्र नीट वाचलं नाहीस?"

तिसरे आमचे खजिनदार. त्यांना पंचांगाची गरजच पडत नाही. दरवर्षी सण अकरा दिवस अलीकडे येतो, हा त्यांचा सिद्धांत. मागच्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला होते, म्हणून त्यांनी यंदा 16 ऑगस्ट काढला आणि साहेबांची सहीही घेतली. मधे अधिक ज्येष्ठ महिना येऊन गेला आणि पुढचे सगळे सण त्याने ढकलले, हे त्यांच्या हिशेबात बसलं नाही. अशा काटेकोर माणसाकडे आम्ही वर्गणी सोपवली आहे.

परतीचं गणित तर त्याहून गोड. गौरी तिथीवर चालतच नाहीत, त्या नक्षत्रावर चालतात. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे जाताना सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर मोजायचं, आणि येताना चंद्र कुठल्या नक्षत्रात उतरला आहे ते बघायचं. त्यानंतर स्लीपर की थर्ड एसी ते ठरवायचं.

रेल्वे यातलं काहीच मोजत नाही. ती प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडते. 12 सप्टेंबरच्या रात्री निघायचं तर खिडकी 14 जुलैला उघडणार आणि आपण लॉगिन होईपर्यंत वेटिंग लिस्ट लागणार. एका दिवसाची चूक झाली, की पुढे एसटीत उभ्याने जाणं आलं.

म्हणून मुंबई शाखेने ठराव केला: पत्र पाठवणाऱ्याने तिथीशेजारी वार आणि तारीख लिहावी. भटजी गावात, पंचांग गावात, मग सोडवणूकही एकदाच गावात व्हावी; तेच गणित घरोघरी सोडवून प्रत्येकाने वेगळं उत्तर काढू नये. ठराव सर्वानुमते मंजूर होऊन गावी गेला.

अप्पांचं उत्तर ताबडतोब आलं. सूचना स्तुत्य आहे, तिच्यावर आषाढातल्या संकष्टीला, चंद्रोदयानंतरच्या सभेत विचार होईल. कोकणात आषाढात चंद्र दिसला तर सभा भरणार, आणि भरलीच तरी तोवर 14 जुलै उलटून गेलेली असणार.